कर्णावर लिहिलेली उत्तरं

मोठ्या रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात शिशाच्या जाड आवरणाआड एक लहानशी काचेची नळी असते. तिच्यात अ‍ॅल्युमिनाची पांढरी भुकटी भरलेली असते आणि त्या भुकटीला मॉलिब्डेनम-९९ हे किरणोत्सारी द्रव्य चिकटलेलं असतं. मॉलिब्डेनमचे अणू एकेक करून क्षय पावतात आणि त्यातून टेक्नेशिअम-९९एम तयार होतं. हाडांचा, हृदयाचा किंवा थायरॉइडचा स्कॅन काढताना रुग्णाच्या शिरेतून बहुतेक वेळा हेच टेक्नेशिअम दिलं जातं. रोज सकाळी तंत्रज्ञ नळीच्या एका टोकाला सलाइनची कुपी लावतो आणि दुसऱ्या टोकाला हवा काढून घेतलेली रिकामी कुपी. सलाइन भुकटीतून खेचलं जातं. जाताना ते टेक्नेशिअम सोबत नेतं, मॉलिब्डेनम मात्र भुकटीलाच धरून राहतं. या कामाला जगभर ‘मिल्किंग’ म्हणतात आणि नळीला ‘मॉली काऊ’, म्हणजे चक्क गाय. भारतात अशी उपकरणं पुरवणारी सरकारी संस्था, बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, नवी मुंबईत वाशीला आहे.

टेक्नेशिअम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास आहे, मॉलिब्डेनम-९९चं ६६ तास. कुपीत काढलेलं टेक्नेशिअम त्याप्रमाणे दर ६ तासांनी निम्मं होत जातं. पण नळी दोन-तीन दिवस न पिळता तशीच ठेवली, तर तिच्या आतलं टेक्नेशिअम ६ तासांच्या चालीने कमी होत नाही. ते ६६ तासांच्या चालीने कमी होतं. अणू तेच, त्यांचा स्वभाव तोच, तरी कुपीत एक चाल आणि नळीत दुसरी. आणि गंमत अशी की या दोन चालींखेरीज तिसरी कुठलीही चाल इथे संभवत नाही. हे कोडं सुटतं ते चार आकड्यांच्या एका मॅट्रिक्सने, तेही फारसं गणित न करता.

मॉलिब्डेनमच्या क्षयाचा वेग १ धरू. टेक्नेशिअमचं अर्धायुष्य त्याच्या अकराव्या हिश्शाएवढं आहे, म्हणून त्याचा वेग ११. सध्या असं मानू की मॉलिब्डेनमचा प्रत्येक अणू टेक्नेशिअम-९९एम होतो. मॉलिब्डेनमचा साठा x आणि टेक्नेशिअमचा y असेल, तर x दर क्षणी १x या वेगाने घटतो. y मध्ये तेवढीच भर पडते आणि त्याच वेळी ११y एवढी घट होते. हा सगळा हिशेब दोन ओळींत मावतो:

```
−१     ०
 १   −११
```

पहिला स्तंभ मॉलिब्डेनमचा: स्वतःतून १ गेला, टेक्नेशिअमला १ मिळाला. दुसरा स्तंभ टेक्नेशिअमचा: स्वतःतून ११ गेले, मॉलिब्डेनमला शून्य. डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणारी तिरकी रेघ म्हणजे कर्ण. त्यावरचे आकडे प्रत्येकाची स्वतःची घट सांगतात. कर्णाच्या वर शून्य आहे, कारण टेक्नेशिअमचं पुन्हा मॉलिब्डेनम होत नाही. कर्णाच्या एका बाजूला अशी सगळी शून्यं असली की मॅट्रिक्स ‘त्रिकोणी’ म्हणवते.

आता आयगेनव्हॅल्यू. कुठलंही मिश्रण घेतलं की या मॅट्रिक्सनुसार त्याचे दोन्ही घटक बदलतात, आणि सहसा त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाणही बदलतं. पण काही मोजकी मिश्रणं अशी असतात की त्यांच्यातलं प्रमाण अजिबात ढळत नाही. सगळं एकाच चालीने कमी किंवा जास्त होतं. अशा मिश्रणाला आयगेनव्हेक्टर म्हणतात आणि त्या सामायिक चालीला आयगेनव्हॅल्यू.

असं एक मिश्रण शोधायला डोकं फार चालवावं लागत नाही. नुसतं टेक्नेशिअम घ्या, मॉलिब्डेनम शून्य. ते ११च्या वेगाने घटतं आणि नुसतं टेक्नेशिअमच राहतं. सकाळी भरलेली कुपी म्हणजे हेच. तिची आयगेनव्हॅल्यू −११, आणि कर्णावरचा दुसरा आकडाही −११. (पुढे टेक्नेशिअम-९९एमचं साधं टेक्नेशिअम-९९ होतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षं. त्याला या हिशेबात धरलेलं नाही.)

दुसरं मिश्रण जरा शोधावं लागतं. मॉलिब्डेनमचे १० भाग आणि टेक्नेशिअमचा १ भाग घेऊन बघा. मॉलिब्डेनम १०च्या वेगाने घटतं. टेक्नेशिअमला ते १० मिळतात, पण त्याचे स्वतःचे ११ जातात, म्हणजे निव्वळ घट १. दहा भागांमागे दहाची घट, एका भागामागे एकाची. दोघंही आपापल्या साठ्याच्या प्रमाणात एकाच चालीने, म्हणजे −१ने घटतात. १० : १ हे प्रमाण कायम राहतं. कर्णावरचा पहिला आकडा हाच. न पिळलेली, मुरलेली नळी म्हणजे हे मिश्रण. त्यातलं टेक्नेशिअम जेवढं खर्ची पडतं, जवळजवळ तेवढंच वरून येत राहतं, म्हणून त्याला मॉलिब्डेनमची संथ चाल लाभते. अणुविज्ञानात याला ‘ट्रान्झिएंट इक्विलिब्रिअम’ म्हणतात आणि अभ्यासक्रमात तो एक वेगळा धडा असतो. खरं तर तो एका आयगेनव्हेक्टरचा धडा आहे.

तिसरी चाल का नाही, याचं उत्तर या मॅट्रिक्सच्या आकारात आहे. समजा, λ ही एखादी चाल आहे. प्रमाण न बदलता दोन्ही साठे त्या चालीने बदलायचे, तर पहिली अट अशी: −x = λx. दुसरी अट: x − ११y = λy. नीट मांडलं तर पहिली अट (−१ − λ)x = ० आणि दुसरी x + (−११ − λ)y = ०. पहिल्या अटीत y चा मागमूस नाही. वरच्या शून्याने नेमकं हेच काम केलं आहे. λ जर −१ नसेल, तर कंसातला आकडा शून्य नाही, म्हणून x ला शून्य व्हावंच लागतं. x शून्य झाला की दुसऱ्या अटीत उरतं (−११ − λ)y = ०. λ जर −११ही नसेल, तर y सुद्धा शून्य. दोन्ही साठे शून्य, म्हणजे मिश्रणच उरलं नाही. चाल टिकायची तर कुठे तरी कंस शून्य व्हायला हवा, आणि तो शून्य होण्याची ठिकाणं दोनच, −१ आणि −११.

मॅट्रिक्स तीन ओळींची असो की तीनशे, युक्तिवाद हाच राहतो. वरच्या ओळीत एकच अज्ञात असतो, त्याखालच्या ओळीत एकाचीच भर पडते, मग आणखी एकाची. λ कर्णावरच्या कुठल्याच आकड्याशी जुळत नसेल तर वरून खाली येताना एकेक अज्ञात शून्य होत जातो आणि तळाशी काहीच उरत नाही. उलट λ कर्णावरच्या एखाद्या आकड्याशी जुळला, तर तो आकडा कर्णावर जिथे सर्वांत शेवटी येतो त्या जागेवर थांबायचं. त्याच्या वरचे सगळे अज्ञात शून्य धरायचे, त्या जागी १ ठेवायचा आणि खालचे एकेक काढत जायचं. खाली तोच आकडा पुन्हा येत नसल्यामुळे कुठेही शून्याने भागावं लागत नाही आणि मिश्रण हमखास सापडतं. म्हणजे कर्णावरचा प्रत्येक आकडा आयगेनव्हॅल्यू आहे आणि कर्णाबाहेरची एकही नाही.

दहावीत क्रेमरच्या पद्धतीने समीकरणं सोडवलेल्यांना निश्चयक आठवत असेल: ad − bc. पाठ्यपुस्तकं आयगेनव्हॅल्यू त्याच वाटेने काढतात. कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून λ वजा करायचा आणि निश्चयक शून्य करणारा λ शोधायचा. त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये b शून्य असतो, म्हणून bc आपोआप जातं आणि (−१ − λ)(−११ − λ) = ० एवढंच उरतं, तेही आधीच अवयव पाडलेल्या रूपात. ही वाट आखूड आहे, पण तिच्यात कारण झाकलं जातं. एकेक ओळ उतरत गेलं की दिसतं, की परिणाम एकाच दिशेने वाहतोय आणि वरच्याला खालच्याची खबरही नाही.

कर्णाखालचा तो १ मग कशासाठी? खरं पाहिलं तर मॉलिब्डेनमचे सगळेच अणू टेक्नेशिअम-९९एम होत नाहीत. सुमारे ८७.५ टक्के, म्हणजे आठातले सात होतात. उरलेला आठवा हिस्सा मधला टप्पा गाळून थेट टेक्नेशिअम-९९ होतो. म्हणून मॅट्रिक्समध्ये त्या १च्या जागी ७/८ लिहायला हवं. कर्णावरचा −१ मात्र तसाच राहतो, कारण मॉलिब्डेनमची एकूण घट तेवढीच आहे, ती कुठल्या वाटेने झाली याने फरक पडत नाही. चाली −१ आणि −११ याच राहिल्या. बदललं ते प्रमाण. आता १० भाग मॉलिब्डेनमसोबत ०.८७५ भाग टेक्नेशिअम हवं: त्याला ८.७५ मिळतात, ९.६२५ जातात, निव्वळ घट ०.८७५. कर्णाबाहेरचे आकडे चाल ठरवत नाहीत, मिश्रण ठरवतात. रुग्णालयासाठी हे काही क्षुल्लक नाही, कारण कुपीत प्रत्यक्ष किती टेक्नेशिअम उतरणार हे त्या ७/८वरच अवलंबून असतं.

नळी रोज सकाळीच का पिळतात, हेही याच दोन चालींतून निघतं. पिळून रिकाम्या केलेल्या नळीत मॉलिब्डेनमचे १० लाख अणू आहेत आणि टेक्नेशिअम शून्य, असं धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून ७/८ बाजूला ठेवून पुन्हा १ घेऊ. ही सुरुवात दोन आयगेनव्हेक्टरांत फोडता येते: १० लाख मॉलिब्डेनम आणि १ लाख टेक्नेशिअम असं मुरलेलं मिश्रण, उणे १ लाख शुद्ध टेक्नेशिअम. पहिला तुकडा ६६ तासांच्या चालीने घटतो, दुसरा ६ तासांच्या. सहा तासांनी पहिल्या तुकड्यातलं टेक्नेशिअम सुमारे ९३,९०० उरतं, वजा करायचा तुकडा ५०,००० होतो, म्हणजे नळीत सुमारे ४३,९००. चोवीस तासांनी ७७,७०० वजा ६,२५०, म्हणजे सुमारे ७१,५००. याच सुमारास, साधारण २३व्या तासाला, टेक्नेशिअमचा साठा शिगेला पोहोचतो आणि पुढे हळूहळू उतरू लागतो. चोवीस तासांचा क्रम रुग्णालयाच्या सोयीचा आहेच, पण तो या शिखराच्या जवळ पडतो हेही त्याचं बळ. ६६ तासांनी मॉलिब्डेनम ५ लाख उरलेलं असतं, आणि वजा करायचा तुकडा अकरा वेळा निम्मा होऊन पन्नासाच्याही आत आलेला असतो. टेक्नेशिअम जवळजवळ ५०,०००. ते १० : १ प्रमाण नळीने स्वतःहून गाठलेलं असतं.

याच फोडीतून एक धोकाही कळतो. भुकटी नीट धरून ठेवत नसेल तर सलाइनसोबत थोडं मॉलिब्डेनमही कुपीत उतरतं. न्यूक्लिअर मेडिसिनमधले लोक त्याला ‘मॉली ब्रेकथ्रू’ म्हणतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे रुग्णाला देताना टेक्नेशिअमच्या १ मिलिक्युरीमागे मॉलिब्डेनम ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त चालत नाही. सकाळी ही मर्यादा पाळणारी कुपी संध्याकाळीही पाळेलच असं नाही, कारण −११ची चाल झपाट्याने विरते आणि −१ची मागे रेंगाळते. बारा तासांत टेक्नेशिअम चौथाई उरतं, पण मॉलिब्डेनम सुमारे ८८ टक्के. दोघांचं गुणोत्तर साडेतीन पट होतं. म्हणून मोजमाप सकाळी केलं तरी हिशेब इंजेक्शनच्या वेळेचा करावा लागतो.

कर्ण वाचून उत्तर सांगण्याची ही सोय इतकी मोहक आहे की विद्यार्थी ती भलत्या ठिकाणीही वापरतात. समीकरणं सोडवताना एका ओळीतून दुसरीचा काही पट वजा करून कुठलीही मॅट्रिक्स त्रिकोणी करता येते. मग वाटतं, कर्णावर आयगेनव्हॅल्यू तयारच असतील. हे तपासून पाहू:

```
२   १          २   १
१   २          ०   १.५
```

डावीकडच्या मॅट्रिक्सच्या खालच्या ओळीतून वरच्या ओळीची निम्मी वजा केली की उजवीकडची मिळते. उजवीकडे कर्णावर २ आणि १.५ आहेत. डावीकडच्या मॅट्रिक्सच्या खऱ्या आयगेनव्हॅल्यू मात्र ३ आणि १. ओळींची अशी वजाबाकी निश्चयक जपते (दोन्हीकडे गुणाकार ३ येतो), पण चाली जपत नाही. चूक पकडायची खूण सोपी आहे. आयगेनव्हॅल्यूंची बेरीज मूळ कर्णाच्या बेरजेएवढीच असावी लागते. इथे मूळ बेरीज ४, आणि २ अधिक १.५ होतात ३.५.

परतीची वाट उघडली की कर्णाची सत्ता संपते, आणि याचं साधं उदाहरण ग्लुकोजचं आहे. पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज अल्फा आणि बीटा अशा दोन रूपांत असतं आणि रेणू एका रूपातून दुसऱ्यात ये-जा करत राहतात. शेवटी अल्फा सुमारे ३६ टक्के आणि बीटा ६४ टक्के यावर ते स्थिरावतं. म्हणजे अल्फातून बीटात जाण्याचा वेग ६४ धरला, तर उलट वेग ३६:

```
−६४    ३६
 ६४   −३६
```

कर्णावर −६४ आणि −३६ आहेत, पण या दोन्ही चाली द्रावणात कधीच दिसत नाहीत. ३६ : ६४ हे मिश्रण जागचं हलत नाही, म्हणून एक आयगेनव्हॅल्यू शून्य. दुसरी −१००. एका रूपाचं जेवढं आधिक्य आणि दुसऱ्याची तेवढीच तूट असेल, ती दोन्ही वेगांच्या बेरजेने भरून निघते. शुद्ध अल्फा ग्लुकोज पाण्यात टाकून पोलरिमीटरने बघत राहिलं, तर प्रकाशाचं वळण सुमारे ११२ अंशांपासून उतरत ५२.७ अंशांवर येऊन थांबतं. त्या उतरणीतून मोजलेली चाल ही बेरीजच असते. एकट्या कर्णावरून ती कुणी सांगू शकणार नाही, कारण अल्फातून गेलेला रेणू परत येऊ शकतो. मॉलिब्डेनमचा गेलेला अणू येत नाही.

किरणोत्सारी साखळ्यांची सूत्रं १९१० साली हॅरी बेटमन या इंग्रज गणितज्ञाने सर्वसाधारण रूपात मांडली. साखळीत कितीही कड्या असोत, त्याच्या उत्तरात प्रत्येक कडीची स्वतःची चाल येते, दुसरी कुठलीही नाही. त्रिकोणी मॅट्रिक्सबद्दल वर आलेली गोष्ट तीच. त्या सूत्रात छेदस्थानी चालींच्या वजाबाक्या असतात. आपल्या उदाहरणातलं १० : १ हेसुद्धा ११ − १ या वजाबाकीतून आलेलं आहे. मुलीचं आयुष्य आईपेक्षा मोठं असेल तर ही वजाबाकी उणे होते. टेल्युरिअम-१३१चं अर्धायुष्य सुमारे २५ मिनिटं आणि त्यातून होणाऱ्या आयोडीन-१३१चं सुमारे ८ दिवस. आयगेनव्हॅल्यू तिथेही कर्णावरच्याच, पण स्थिर प्रमाणाच्या मिश्रणात एक घटक उणे येतो. उणे साठा भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून त्या जोडीत मुरलेल्या नळीसारखा समतोल कधीच येत नाही. टेल्युरिअम संपून जातं आणि मागे नुसतं आयोडीन उरतं.

आणि दोन्ही चाली तंतोतंत सारख्या असल्या तर छेद शून्य होतो. कर्णावर −१ आणि −१, खाली १. आयगेनव्हॅल्यू −१च, दोनदा मोजलेली. पण स्थिर राहणारं मिश्रण एकच मिळतं, नुसत्या मुलीचं. दुसरं शोधू गेलं तर अटी x ला शून्य करून टाकतात. अशा नळीत आईच्या तुलनेत मुलीचं प्रमाण कुठेच थांबत नाही, ते वेळेच्या सरळ प्रमाणात वाढत राहतं, आणि बेटमनच्या सूत्राला तिथे वेगळं रूप द्यावं लागतं. खरी पंचाईत होते ती चाली सारख्या नसून अगदी जवळजवळ असतात तेव्हा. मग संगणक दोन जवळजवळ सारख्या मोठ्या आकड्यांची वजाबाकी करतो, पुढचे बरेच अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरलेले अंक भरवशाचे राहत नाहीत. अणुभट्टीतल्या इंधनाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये साखळीतल्या अशा जोड्या आधी ओळखून त्यांच्यासाठी निराळी पद्धत योजावी लागते. आयगेनव्हॅल्यू तेव्हाही समोर कर्णावरच लिहिलेल्या असतात. अडतं ते त्यांच्यापासून मिश्रणाकडे जाताना.